खरेदी हजार क्विंटल, भरडला सातशे ऐंशी: कच्च्या मालाची किंमत तफावत आणि वापर तफावत कशी काढावी

जळगावच्या डाळ मिलमध्ये हिशेबाच्या कामाला नव्याने लागलेल्या व्यक्तीसमोर मार्चअखेरीस एक प्रश्न हमखास उभा राहतो. महिनाभरात हरभरा घेतला एक हजार क्विंटल आणि भरडला सातशे ऐंशी क्विंटल. खरेदीचा भाव ठरवलेल्या प्रमाण दरापेक्षा जास्त पडला आहे आणि डाळीच्या मानाने हरभराही जास्त लागला आहे. एकूण नुकसान दिसते, पण त्यातले भावामुळे किती आणि भरडाईमुळे किती, हे वेगळे करायचे असते. हे वेगळे करताना कोणती तफावत कोणत्या वजनावर काढायची, यातच बहुतेक चुका होतात. पुढील संपूर्ण विवेचन म्हणूनच एकाच मिलच्या एका महिन्याच्या उदाहरणावर आधारले आहे. उदाहरणातील दर आणि वजने समजावण्यासाठी घेतली आहेत. आपल्या मिलचे आकडे त्या जागी घालून हीच रीत वापरावी.

प्रमाण ठरवणे

प्रमाण दोन गोष्टींचे लागते. एक, एक क्विंटल डाळ तयार करण्यासाठी किती हरभरा लागावा, आणि दोन, तो हरभरा मिलच्या दारात कोणत्या दराने पडावा. आपल्या उदाहरणात एक क्विंटल हरभरा डाळीसाठी १.२५ क्विंटल हरभरा, म्हणजे ८० टक्के उतारा, असे प्रमाण धरले आहे. दर धरला आहे क्विंटलला ६,००० रुपये. म्हणजे एक क्विंटल डाळीत प्रमाणानुसार ७,५०० रुपयांचा हरभरा असतो.

हा ८० टक्के उतारा कुठून आला, हे नवख्या माणसाने आवर्जून विचारावे. मागील हंगामातील सर्वांत चांगल्या दिवसाचा उतारा प्रमाण म्हणून धरला असेल, तर तफावत कायम प्रतिकूलच येईल आणि काही महिन्यांनी तिच्याकडे कोणी पाहणार नाही. चालू यंत्रे, नेहमीच्या प्रतीचा माल आणि स्वाभाविक घट लक्षात घेऊन ठरवलेला उताराच उपयोगी पडतो. तो केवळ एका आकड्यात न ठेवता १२५ किलो हरभऱ्याचे काय काय होते, अशा रूपात लिहून ठेवावा: १०० किलो डाळ, १३ किलो टरफल, ८ किलो चुनी व खंडा, २ किलो काडीकचरा आणि २ किलो वाळून होणारी घट. हा तपशील पुढे कारण शोधताना फार कामाला येतो.

दराच्या बाबतीत ६,००० रुपये हा बाजार समितीतील लिलावाचा भाव नसून मिलपोच दर आहे, हे स्पष्ट लिहून ठेवावे. मालाचा भाव, खरेदीदाराला भराव्या लागणाऱ्या बाजार फीसारख्या रकमा, हमाली, तोलाई आणि गाडीभाडे असे सर्व त्यात येते. प्रमाण दर मिलपोच आणि प्रत्यक्ष दर मात्र नुसता लिलावाचा, अशी तुलना झाली, तर किंमत तफावत दर महिन्याला अनुकूल दिसते आणि ती साफ खोटी असते.

प्रत्यक्ष दर काढणे

मार्चमध्ये चोपडा आणि अमळनेर येथून घेतलेल्या मालाची बिले १,००४ क्विंटलची आहेत. बिलाचा सरासरी भाव ५,७५० रुपये असल्याने मालाची रक्कम ५७,७३,००० रुपये होते. बाजारातील इतर खर्च २,६२,००० रुपये आणि गाडीभाडे १,१५,००० रुपये. एकूण ६१,५०,००० रुपये.

मिलच्या वजनकाट्यावर बारदान वजा जाता प्रत्यक्ष माल भरला १,००० क्विंटल. प्रत्यक्ष दर काढताना एकूण रकमेला १,००० ने भागावे, १,००४ ने नव्हे. दर निघतो ६,१५० रुपये. वाटेत किंवा तोलात गेलेले चार क्विंटल अशा रीतीने खरेदीच्या दरात बसतात, आणि ते तिथेच बसले पाहिजेत, कारण त्या चार क्विंटलशी भरडणाऱ्या मेस्त्रीचा काहीही संबंध नाही. बिलाचे वजन साठ्यात घेतले, तर हीच तूट महिनाअखेरीस साठ्यातील कमतरता किंवा जास्तीचा वापर म्हणून भलत्याच ठिकाणी उगवते. तूट नेहमीपेक्षा मोठी असेल, तर ती दरात विरघळू न देता पुरवठादाराकडे मागणी लावावी आणि स्वतंत्र दाखवावी.

किंमत तफावत: खरेदी केलेल्या संपूर्ण वजनावर

सूत्र असे आहे: प्रमाण दरातून प्रत्यक्ष दर वजा करावा आणि उत्तराला प्रत्यक्ष खरेदीच्या वजनाने गुणावे. उत्तर ऋण आले तर तफावत प्रतिकूल, धन आले तर अनुकूल.

६,००० वजा ६,१५० म्हणजे उणे १५०. गुणिले १,००० क्विंटल. किंमत तफावत १,५०,००० रुपये, प्रतिकूल.

येथे साहजिकच शंका येते की, भरडला तर सातशे ऐंशीच क्विंटल, मग हजारावर तफावत का काढायची? ७८० वर काढली तर उत्तर १,१७,००० रुपये येते आणि उरलेले ३३,००० रुपये गोदामातल्या २२० क्विंटलांमध्ये दडून राहतात. अंकगणित म्हणून दोन्ही रीती चालतात आणि परीक्षेच्या पुस्तकांतही दोन्ही भेटतात. मिलच्या कारभारासाठी मात्र खरेदीच्या वेळीच संपूर्ण तफावत बाहेर काढणे मला निःसंशय योग्य वाटते. खानदेशात हरभरा रब्बीचा. त्याची मोठी आवक फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि मिलवाले त्या काळात साठा करून पुढे अनेक महिने भरडत राहतात. वापराच्या वेळी तफावत काढली, तर मार्चमध्ये महाग घेतलेल्या मालाचा परिणाम जुलैच्या अहवालात दिसेल. तोपर्यंत खरेदी करणाऱ्याला त्या दिवशीचा बाजार आठवत नसतो आणि सुधारणा करण्याची वेळही निघून गेलेली असते. खरेदीचा निर्णय ज्या दिवशी झाला, त्याच महिन्यात त्याचा हिशेब समोर आला पाहिजे.

याचा दुसरा फायदा असा की, तफावत आधीच बाजूला काढल्यामुळे गोदामातील सर्व हरभरा एकाच दराने, ६,००० रुपयांनी, लिहिता येतो. कोणत्या गाडीचा माल कोणत्या भावाने भरडायला दिला, हे प्रत्येक पावतीवर शोधत बसावे लागत नाही.

प्रमाण वजन: प्रत्यक्ष तयार झालेल्या डाळीवरून

आता वापराकडे वळू. मार्चमध्ये प्रत्यक्ष डाळ तयार झाली ६०० क्विंटल. सहाशे क्विंटल डाळीला प्रमाणानुसार ६०० गुणिले १.२५, म्हणजे ७५० क्विंटल हरभरा लागायला हवा होता.

ही पायरी सोपी दिसते, पण सर्वांत घातक चूक येथेच होते. समजा, मार्च महिन्याचे उद्दिष्ट ७०० क्विंटल डाळीचे होते. उद्दिष्टाच्या कागदावर हरभऱ्याची गरज ८७५ क्विंटल लिहिलेली असते. नवखा हिशेबनीस ते ८७५ उचलतो, त्यातून प्रत्यक्ष वापराचे ७८० वजा करतो आणि ९५ क्विंटलची, म्हणजे ५,७०,००० रुपयांची बचत झाली, असे लिहून मोकळा होतो. वस्तुतः कोणतीही बचत झालेली नाही. डाळच शंभर क्विंटल कमी निघाली, म्हणून हरभरा कमी लागला. जेवढी डाळ खरोखर तयार झाली, तेवढ्या डाळीला किती हरभरा मंजूर होता, एवढाच प्रश्न वापर तफावतीत विचारायचा असतो. उद्दिष्ट का चुकले, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर या सूत्रात नाही.

प्रत्यक्ष वापर मोजणे

प्रत्यक्ष वापर शोधण्याच्या दोन रीती प्रचारात आहेत. पहिल्या रीतीत गोदामातून भरडाईसाठी जाणारे प्रत्येक पोते काट्यावर मोजले जाते आणि त्याची नोंद होते. दुसऱ्या रीतीत आरंभीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा, असा हिशेब करून राहील तो वापर मानला जातो. दुसरी रीत कमी कष्टाची आहे. पण तिच्यात गोदामात जे काही कमी झाले, ते सर्व भरडाईच्या माथी मारले जाते.

आपल्या मिलमध्ये मार्चच्या आरंभी साठा शून्य होता. काट्याच्या नोंदीनुसार भरडायला दिलेला माल ७८० क्विंटल. म्हणजे पुस्तकी साठा २२० क्विंटल असायला हवा. ३१ मार्चला गोदामात प्रत्यक्ष मोजले, तेव्हा माल भरला २१४ क्विंटल. सहा क्विंटल गेले कुठे?

खानदेशातल्या कोरड्या उन्हाळ्यात साठवलेला हरभरा वाळतो, हे त्याचे मोठे कारण असू शकते. १२ टक्के ओलाव्याचा माल १० टक्क्यांवर आला, तर शंभर किलोतील ८८ किलो कोरडा भाग तेवढाच राहतो आणि त्याचे नवे वजन ८८ भागिले ०.९०, म्हणजे सुमारे ९७.८ किलो होते. शंभर किलोंमागे दोन किलोंहून अधिक घट केवळ वाळण्यामुळे होते. त्यात उंदीर, कीड, फाटलेली पोती आणि क्वचित चोरी यांची भर पडते. अशा घटीला साठवणूक घट म्हणून वेगळा रकाना द्यावा. सहा क्विंटल गुणिले ६,००० म्हणजे ३६,००० रुपये. हे गोदामाचे नुकसान आहे. साठ्यावरून वापर काढण्याची रीत वापरली असती, तर वापर ७८६ क्विंटल आला असता आणि हे ३६,००० रुपये मेस्त्रीच्या नावावर चढले असते.

आणखी एक गोष्ट तपासावी लागते. भरडायला दिलेला सगळा हरभरा महिनाअखेरपर्यंत डाळ होऊन बाहेर पडलेला असतोच असे नाही. काही माल पाणी देऊन अंगणात वाळत पडलेला असतो. समजा ३१ मार्चला असा दहा क्विंटल माल अंगणात असता, तर खरा वापर ७७० क्विंटल ठरला असता आणि जास्तीचा वापर तिसऱ्या हिश्शाने कमी झाला असता. हे दहा क्विंटल मोजताना अंगणातील मालाचे वजन घेऊ नये, कारण त्यात दिलेले पाणी असते. गोदामातून सुटतानाचे वजन घ्यावे. आपल्या उदाहरणात महिनाअखेरीस अंगण रिकामे होते, असे धरून पुढे जाऊ.

वापर तफावत: प्रमाण दराने

सूत्र असे: प्रमाण वजनातून प्रत्यक्ष वापराचे वजन वजा करावे आणि उत्तराला प्रमाण दराने गुणावे.

७५० वजा ७८० म्हणजे उणे ३० क्विंटल. गुणिले ६,०००. वापर तफावत १,८०,००० रुपये, प्रतिकूल.

येथे ६,१५० हा प्रत्यक्ष दर वापरण्याचा मोह होतो, कारण पैसे तर त्याच दराने दिलेले असतात. तसे केल्यास उत्तर १,८४,५०० रुपये येते. हे जादा ४,५०० रुपये म्हणजे तीस क्विंटलवरची दीडशे रुपयांची दरवाढ आहे, आणि ती आपण किंमत तफावतीत आधीच एकदा धरली आहे. म्हणजे तीच रक्कम दोनदा मोजली जाते. शिवाय महाग खरेदीचा भार भरडाई विभागावर पडतो, जो भाव ठरवतच नाही. म्हणून वापराची तफावत नेहमी प्रमाण दरानेच काढायची.

संगणकावर हा हिशेब मांडायचा असेल, तर तक्त्यातील B1 मध्ये प्रमाण दर, B2 मध्ये प्रत्यक्ष दर, B3 मध्ये खरेदीचे वजन, B4 मध्ये तयार डाळ, B5 मध्ये १.२५ हे प्रमाण आणि B6 मध्ये काट्यावर मोजलेला वापर भरावा. मग किंमत तफावत आणि वापर तफावत यांची सूत्रे अनुक्रमे अशी होतात:

```
=(B1-B2)*B3
=(B4*B5-B6)*B1
```

ताळा

दोन तफावती काढल्या म्हणजे काम संपले असे नाही. बिलांचे ६१,५०,००० रुपये नेमके कुठे कुठे गेले, याचा ताळा जुळला पाहिजे. ६०० क्विंटल डाळीचा प्रमाण खर्च ४५,००,००० रुपये, वापर तफावत १,८०,००० रुपये, साठवणूक घट ३६,००० रुपये, शिल्लक २१४ क्विंटल प्रमाण दराने १२,८४,००० रुपये आणि किंमत तफावत १,५०,००० रुपये. बेरीज ६१,५०,००० रुपये. ताळा जुळला.

किंमत तफावत आणि वापर तफावत यांची बेरीज ३,३०,००० रुपये होते. पुस्तकात शिकलेल्या सूत्राने एकूण सामग्री खर्च तफावत काढली, म्हणजे ६०० क्विंटल डाळीच्या प्रमाण खर्चातून भरडलेल्या ७८० क्विंटलांची प्रत्यक्ष किंमत ४७,९७,००० रुपये वजा केली, तर उत्तर २,९७,००० रुपये येते. हा ३३,००० रुपयांचा फरक पाहून आपले काहीतरी चुकले असे अनेकांना वाटते आणि ते आकडे ओढूनताणून जुळवू लागतात. तसे करण्याचे कारण नाही. न भरडलेल्या २२० क्विंटलांवरची दीडशे रुपयांची दरवाढ म्हणजेच हे ३३,००० रुपये. खरेदी आणि वापर यांची वजने सारखी नसली, की दोन तफावतींची बेरीज त्या एकूण तफावतीशी जुळणारच नाही. जुळायला हवा तो वर दाखवलेला ताळा.

३१ मार्च हा वर्षअखेरीचा दिवस असल्याने आणखी एक नोंद करावी लागते. लेखा मानक २ नुसार साठ्याच्या मूल्यांकनासाठी प्रमाण परिव्यय सोयीसाठी वापरता येतो, पण त्याचे उत्तर प्रत्यक्ष खर्चाच्या जवळ असले पाहिजे. गोदामातील २१४ क्विंटलांवर क्विंटलमागे १५० रुपये जास्त दिलेले आहेत, तेव्हा किंमत तफावतीतील ३२,१०० रुपये साठ्यात परत घालून त्याची किंमत १३,१६,१०० रुपये करावी. हरभऱ्याचे भाव कोसळलेले असतील, तर हा खर्च विक्रीतून सुटू शकणाऱ्या निव्वळ रकमेपेक्षा जास्त होत नाही ना, हेही पाहावे. न विकलेली डाळ शिल्लक असेल, तर तिच्या वाट्याची किंमत तफावतही तशीच हिशेबात धरावी. जास्तीच्या भरडाई नुकसानीचा असाधारण भाग मात्र साठ्यात चढवू नये, तो त्या वर्षाचा खर्चच राहतो. ही दुरुस्ती वार्षिक हिशेबापुरती आहे. खरेदी करणाऱ्याला दाखवायच्या मासिक अहवालात १,५०,००० हाच आकडा राहतो.

दीड लाख कोणामुळे?

प्रतिकूल किंमत तफावत दिसली की खरेदी करणाऱ्याला जाब विचारला जातो. त्याआधी बाजाराकडे पाहणे न्यायाचे आहे. बाजार समित्यांचे रोजचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव प्रसिद्ध होत असतात. ज्या ज्या दिवशी खरेदी झाली, त्या त्या दिवसांचे सर्वसाधारण भाव खरेदीच्या वजनानुसार सरासरीत घ्यावेत आणि त्यात नेहमीचा खर्च मिळवावा. समजा, असा मिलपोच दर ६,१२० रुपये निघाला. तर हजार क्विंटलांवर १,२०,००० रुपये बाजार चढल्यामुळे गेले, आणि खरेदी करणाऱ्याने बाजारापेक्षा जास्त दिलेले ३०,००० रुपयेच खरोखर त्याच्या निर्णयाचे ठरले. त्यातही माल सर्वसाधारण प्रतीपेक्षा चांगला घेतला असेल, तर तो जादा भाव पुढे उताऱ्यातून परत मिळतो का, हे पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही.

वापराच्या बाजूला तीस क्विंटल जास्त का लागले, हे शोधण्यासाठी सुरुवातीला लिहून ठेवलेला १२५ किलोंचा तपशील काढावा. सहाशे क्विंटल डाळीसाठी प्रमाणानुसार टरफल ७८, चुनी व खंडा ४८, काडीकचरा १२ आणि वाळण्याची घट १२ क्विंटल असायला हवी. प्रत्यक्षात टरफल ७९, चुनी व खंडा ७४, काडीकचरा १३ आणि घट १४ क्विंटल निघाली. तीसपैकी सव्वीस क्विंटल केवळ चुनी आणि खंड्यात गेले आहेत. असा आकडा दिसला की संशय सरळ यंत्राकडे जातो. रोलर आणि जाळीमधील फट कमी ठेवली गेली असेल, रोलरचा थर असमान झिजला असेल, किंवा हरभऱ्याला पाणी देऊन पुरेसा वेळ न मुरवता भरडला असेल, तर दाणा फुटून पीठ जास्त होते. याउलट काडीकचरा वाढला असता, तर खरेदीची प्रत तपासावी लागली असती. डाळ, टरफल, चुनी आणि कचरा मिळून भरडायला दिलेल्या वजनाच्या बऱ्याच खाली राहिले असते, तर ओलावा, काट्याचा दोष किंवा माल बाहेर जाणे, यांपैकी काय घडले ते पाहावे लागले असते.

येथे एक बाब निर्णय घेणाऱ्यापुढे अवश्य ठेवावी. चुनी फेकून दिली जात नाही, ती पशुखाद्य म्हणून विकली जाते. समजा, तिचा भाव क्विंटलला २,२०० रुपये असेल, तर जास्तीच्या सव्वीस क्विंटलांचे ५७,२०० रुपये परत येतील आणि मिलचे खरे नुकसान १,८०,००० ऐवजी १,२२,८०० रुपयांच्या आसपास राहील. वापर तफावतीचा आकडा मात्र बदलायचा नाही. त्याच्या खाली ही वसुली वेगळी दाखवायची.

स्वस्त मालाचा महिना

एप्रिलमध्ये याच मिलने आणखी ५०० क्विंटल हरभरा मिलपोच ५,८५० रुपये दराने घेतला. किंमत तफावत १५० गुणिले ५००, म्हणजे ७५,००० रुपये अनुकूल. त्या महिन्यात डाळ निघाली ५०० क्विंटल आणि हरभरा भरडला ६५५ क्विंटल. प्रमाण वजन ६२५, तेव्हा वापर तफावत पुन्हा ३० क्विंटल, म्हणजे १,८०,००० रुपये प्रतिकूल.

दोन्ही महिन्यांत जास्तीचा वापर अगदी तेवढाच असल्याने मेस्त्री सुधारत नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. या मिलमध्ये मात्र गोदामातून सुटणाऱ्या मालाच्या पावतीवर लॉटचा क्रमांक लिहिला जात होता आणि डाळही लॉटवार मोजली जात होती. त्यातून वेगळेच चित्र दिसले. मार्चमधील शिल्लक २१४ क्विंटलांतून १७० क्विंटल डाळ निघाली. प्रमाणानुसार तिला २१२.५ क्विंटल लागायचे, म्हणजे जास्तीचा वापर फक्त दीड क्विंटल. मार्चअखेरीस रोलरची दुरुस्ती झाल्याचा परिणाम येथे दिसतो. नव्या लॉटच्या ४४१ क्विंटलांतून मात्र ३३० क्विंटलच डाळ निघाली. तिला ४१२.५ क्विंटल मंजूर होते, म्हणजे २८.५ क्विंटल जास्त लागले. प्रमाण दराने ही रक्कम १,७१,००० रुपये होते. या लॉटच्या भरडाईत काडीकचरा, कच्चे बारीक दाणे आणि वाळण्याची घट वाढलेली होती, चुनी नव्हे.

सूत्राने १,८०,००० रुपयांची तफावत भरडाई विभागाच्या रकान्यात टाकली, आणि सूत्र म्हणून ते बरोबरच आहे. पण त्यातील १,७१,००० रुपयांचे मूळ खरेदीत आहे. त्या लॉटच्या भरडलेल्या ४४१ क्विंटलांवर दरात वाचले ६६,१५० रुपये, आणि उताऱ्यात गेले १,७१,००० रुपये. या दोन्ही रकमा अहवालाच्या एकाच ओळीत, लॉटच्या क्रमांकासमोर, शेजारी शेजारी लिहाव्यात. त्याच ओळीत खरेदीच्या वेळी मोजलेला ओलावा आणि नमुन्यातील काडीकचऱ्याचे प्रमाणही लिहावे. अनुकूल किंमत तफावत खरेदी विभागाच्या आणि प्रतिकूल वापर तफावत भरडाई विभागाच्या वेगवेगळ्या पानांवर राहिली, तर पुढच्या लिलावात हाच माल स्वस्त म्हणून पुन्हा उचलला जाईल. गोदामात या लॉटचे अजून ५९ क्विंटल पडून आहेत. त्यांतून ४७.२ क्विंटल डाळीची अपेक्षा न धरता, आधीच्या उताऱ्याप्रमाणे सुमारे ४४ क्विंटल धरून मे महिन्याचे नियोजन करावे. १.२५ हे प्रमाण मात्र या एका लॉटवरून बदलू नये.